काय केले, काय अडले, काय शिकलो : इंटर्नशिप अहवालातील कळीचा भाग

व्यवस्थापन पदविकेच्या इंटर्नशिप अहवालात बरीच पाने ठरलेल्या साच्याची असतात. मुखपृष्ठ, कंपनीचे प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, कंपनीची ओळख, शेवटी परिशिष्टे. या पानांत एका विद्यार्थ्याचा अहवाल दुसऱ्याहून फारसा वेगळा दिसत नाही. वेगळेपण दिसते ते मधल्या काही पानांत. प्रशिक्षणार्थीने कोणती कामे केली, त्यातून कोणती कौशल्ये आली आणि कोणत्या अडचणी आल्या, याचा सारांश तिथे द्यायचा असतो. तोंडी परीक्षेला बसलेले परीक्षक बहुधा हीच पाने उघडून प्रश्न विचारतात, कारण विद्यार्थी खरोखर कामावर होता की नाही हे त्यांवरूनच कळते.

हा भाग कसा उभा राहतो हे समजून घ्यायला एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून चालणे सोयीचे. समजा, साहित्य व्यवस्थापन हा विषय घेतलेली एक विद्यार्थिनी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या मध्यम आकाराच्या कारखान्यात, स्टोअर विभागात आठ आठवडे प्रशिक्षणाला गेली आहे. चाकण, सातारा, वाळूज किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत असे कारखाने पुष्कळ आहेत. पुढे येणारे आकडे या कल्पित उदाहरणापुरते आहेत, पण कामाची पद्धत अशा कोणत्याही स्टोअरमध्ये भेटेल अशीच आहे.

स्टोअरचे काम थोडक्यात असे. पुरवठादाराची गाडी फाटकावर येते, तिथे चलनाची नोंद होते. माल उतरवून मोजला जातो आणि खरेदी आदेशाशी ताडला जातो. गुणवत्ता विभाग तपासणी करतो आणि माल स्वीकारल्याची पावती निघते. तिला सगळे जण जीआरएन म्हणतात. मग माल ठरलेल्या रॅकवर जातो आणि त्या खणाला लावलेल्या बिन कार्डावर आवक लिहिली जाते. उत्पादन विभागाला माल हवा असला की तो इश्यू स्लिप पाठवतो. स्लिपनुसार माल दिला जातो आणि कार्डावर व संगणकात जावक पडते. या साखळीतला प्रत्येक कागद वेळेवर झाला, तर रॅकवरचा साठा आणि संगणकातला साठा जुळतो. एक जरी कागद राहिला तरी फरक पडतो. या विद्यार्थिनीचा सारा अहवाल या फरकाभोवती फिरणार आहे.

रोजनिशी : अहवालाचा कच्चा माल

हा भाग चांगला उतरणार की नाही, हे अहवाल लिहायला बसण्याच्या कितीतरी आधी ठरलेले असते. आठव्या आठवड्यानंतर पहिल्या आठवड्यातले आकडे आठवत नाहीत. म्हणून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या इंटर्नशिपविषयक मार्गदर्शक सूचनांतही विद्यार्थ्याने रोजनिशी ठेवावी आणि पर्यवेक्षकाने ती पाहावी, अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात बऱ्याच रोजनिश्या शेवटच्या दोन दिवसांत एकाच पेनाने भरलेल्या असतात. तसे झाले की ओळखू येते. प्रत्येक दिवसाची नोंद सारख्याच लांबीची असते, तीत एकही आकडा नसतो आणि एकही दिवस बिघडलेला नसतो.

‘आज स्टोअरमध्ये काम केले. साठा मोजणीबद्दल माहिती घेतली,’ ही नोंद पुढे कशालाच उपयोगी पडत नाही. त्याच दिवसाची उपयोगी नोंद अशी असते : ‘रॅक क्र. ७, १२ वस्तू मोजल्या. १० जुळल्या. ६२०४ बेअरिंग १२ नग कमी, ६२०५ बेअरिंग १२ नग जास्त. स्टोअरकीपरना दाखवले, खोकी अदलाबदल झाली असावी. उद्या तपासणे.’ लिहायला पाच मिनिटे लागतात. पण तिच्यात काम आहे, प्रमाण आहे, अडचण आहे आणि पुढचे पाऊलही आहे. अहवालातले तिन्ही भाग अशाच नोंदींतून निघतात.

कामे : क्रियापद नेमके हवे

कामांचा भाग लिहिताना पहिली चूक होते ती विभागाची कामे स्वतःच्या नावावर लिहिण्याची. ‘खरेदी, साठा नियंत्रण, पुरवठादार व्यवस्थापन आणि वितरण ही कामे पाहिली’ असे वाक्य स्टोअर व्यवस्थापकालाही जड जाईल. आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणार्थीच्या तोंडी ते शोभत नाही. विभाग काय करतो हे कंपनीच्या ओळखीत येऊन गेलेले असते. इथे फक्त तिच्या वाट्याला काय आले तेवढेच यायला हवे.

मराठीत या बाबतीत एक सोय आहे आणि एक सापळाही. सोय अशी की सहभागाच्या पायऱ्या दाखवणारी साधी क्रियापदे हाताशी आहेत : पाहिले, मदत केली, देखरेखीखाली केले, स्वतंत्रपणे केले. ही चार क्रियापदे प्रामाणिकपणे वापरली तरी निम्मे काम होते. या विद्यार्थिनीने माल तपासणी पाहिली, जीआरएन तयार करायला मदत केली, बिन कार्डांच्या नोंदी देखरेखीखाली केल्या आणि रोजची साठा मोजणी स्वतंत्रपणे केली. या एका वाक्यातूनच वाचणाऱ्याला तिच्या आठ आठवड्यांचा नकाशा मिळतो.

सापळा आहे ‘करण्यात आले’ या रचनेचा. ‘साठ्याची मोजणी करण्यात आली, तफावत शोधण्यात आली व उपाययोजना सुचवण्यात आली.’ वाक्य कार्यालयीन आणि भारदस्त वाटते, पण हे सारे कोणी केले ते त्यात कुठेच नाही. मोजणी प्रशिक्षणार्थीने केली की स्टोअरकीपरने? उपाय तिने सुचवला की तो आधीपासून चालू होता? परीक्षकाचा पहिला प्रश्न नेमका तिथेच येतो. काही संस्था ‘मी’ चालवून घेतात, काहींना ‘प्रशिक्षणार्थीने’ हवे असते. संस्थेचा नियम असेल तो पाळावा, पण कर्ता गाळू नये.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. प्रत्येक कामाला एक माप जोडता येते : किती वेळा, किती नग, किती दिवस. आपल्या उदाहरणात पहिले दोन आठवडे मालाच्या आवकीवर गेले. तिसऱ्या आठवड्यात बिन कार्डे आली. चौथ्या आठवड्यापासून २० कामाचे दिवस रोज १२ वस्तूंची मोजणी झाली, म्हणजे एकूण २४० वस्तू. थोडी थोडी मोजणी रोज करायच्या या पद्धतीला आवर्ती मोजणी म्हणतात. वर्षातून एकदा कारखाना बंद ठेवून सगळे मोजण्यापेक्षा ती सोपी पडते आणि चूक ताजी असतानाच हाती लागते. ‘साठा मोजणी केली’ आणि ‘२० दिवसांत २४० वस्तूंची मोजणी केली’ या दोन वाक्यांतला फरक सांगायला नको.

तिसरी गोष्ट अधिकाराच्या सीमेची. मोजणीत फरक सापडला तरी संगणकातला साठा दुरुस्त करायचा अधिकार प्रशिक्षणार्थीला नसतो. ती तफावतीचा तक्ता भरते, स्टोअरकीपर पडताळतो आणि व्यवस्थापकाच्या सहीनंतर दुरुस्ती होते. ही सीमा अहवालात स्पष्ट लिहिली तर त्यात कमीपणा काही नाही. मोजणारा आणि नोंद बदलणारा वेगळा असावा, हे अंतर्गत नियंत्रणाचे साधे तत्त्व तिला कळले आहे, एवढेच त्यातून दिसते.

अडचणी : छापताना शेवटी, लिहिताना आधी

अहवालात क्रम बहुधा कामे, कौशल्ये, अडचणी असा असतो. लिहिताना मात्र कामांनंतर अडचणी आधी लिहून घ्याव्यात. कौशल्य आपोआप येत नाही. कुठेतरी काम अडते, त्यातून वाट काढावी लागते आणि ती काढताना माणूस शिकतो. अडचण धूसर राहिली तर कौशल्यही धूसर राहते. मग ‘वेळेचे नियोजन शिकलो, संवादकौशल्य वाढले’ अशी कोणत्याही अहवालात चालणारी वाक्ये जागा भरून काढतात.

अडचण म्हणजे तक्रार नव्हे. ‘कर्मचारी सहकार्य करत नव्हते’ ही तक्रार आहे. हीच गोष्ट अडचण म्हणून लिहायची तर ती कोणत्या कामात आली, तिच्यामुळे काय बिघडले, कारण काय होते आणि काय करून पाहिले, एवढे सांगावे लागते. आपल्या विद्यार्थिनीच्या अडचणीतून हे नीट दिसते.

२४० वस्तूंपैकी २०९ वस्तूंचा प्रत्यक्ष साठा संगणकातल्या साठ्याशी जुळला आणि ३१ वस्तूंचा जुळला नाही. अचूकता काढायची रीत सोपी आहे : जुळलेल्या वस्तू भागिले मोजलेल्या वस्तू, गुणिले शंभर. म्हणजे सुमारे ८७ टक्के. बरेच विद्यार्थी इथेच थांबतात आणि ‘साठ्यात तफावत ही मोठी अडचण होती’ असे लिहून मोकळे होतात. खरी माहिती त्या ३१ वस्तूंच्या पोटात असते. फरक कोणत्या दिशेचा आहे हे पाहिले की कारणाचा माग लागतो.

पहिला गट १४ वस्तूंचा निघाला. या सगळ्यांत रॅकवर माल कमी आणि संगणकात जास्त होता. म्हणजे माल गेला, पण जावक पडली नाही. कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. दुपारच्या शिफ्टमध्ये लाइनवरचा माणूस धावत खिडकीवर येतो. ‘मॅडम, लाइन थांबलीय. आधी माल द्या, स्लिप संध्याकाळी पाठवतो.’ माल जातो. संध्याकाळी शिफ्ट बदलते आणि स्लिप दुसऱ्या दिवशी येते, कधी येतच नाही. यात कोणाची लबाडी नाही. लाइन थांबली तर होणारे नुकसान डोळ्यांसमोर दिसते, उशिरा आलेल्या स्लिपचे दिसत नाही, इतकेच.

दुसऱ्या गटात आठ वस्तू, म्हणजे चार जोड्या होत्या. प्रत्येक जोडीत एक वस्तू जितकी कमी, तितकीच दुसरी जास्त. रोजनिशीतली ६२०४ आणि ६२०५ ही बेअरिंगे यातलीच. पहिल्याचे भोक २० मिलिमीटरचे, दुसऱ्याचे २५ मिलिमीटरचे. हातात शेजारी शेजारी घेतली तर फरक दिसतो, पण शेजारच्या खणांत एकाच कंपनीची सारख्या रंगाची खोकी असली की घाईत उचलताना चूक होते. कमी-जास्तीचा आकडा तंतोतंत सारखा असणे ही या चुकीची खूण.

तिसरा गट पाच वस्तूंचा, आणि त्यातून शिकण्यासारखे सगळ्यात जास्त निघाले. ही सगळी लहान जोडसामग्री होती : बोल्ट, नट, वॉशर. पुरवठादार तो माल किलोवर देतो आणि लाइनला तो नगावर जातो. मध्ये कुठेतरी किलोचे नग करावे लागतात. ८ मिलिमीटर व्यासाच्या एका बोल्टसाठी स्टोअरमध्ये ‘किलोला ८० नग’ हा हिशेब कित्येक दिवसांपासून चालत आलेला होता. त्यामुळे २५ किलोची गोणी आली की संगणकात २००० नग जमा होत. विद्यार्थिनीने १०० बोल्ट मोजून काट्यावर ठेवले. वजन १.४ किलो भरले. म्हणजे किलोला सुमारे ७१ नग आणि २५ किलोच्या गोणीत सुमारे १७८५. दर गोणीमागे २१५ नगांची तूट कागदावर जन्माला येत होती. माल चोरीला जात नव्हता की सांडत नव्हता. तो मुळात आलेलाच नव्हता. प्रत्येक आवकीमागे तूट त्याच प्रमाणात वाढत राहणे ही एककाच्या गोंधळाची खूण.

उरलेल्या चार वस्तूंचे कारण सापडले नाही. अहवालात ते तसेच लिहावे. ३१ पैकी २७ ची कारणे सापडली आणि चार वस्तूंची सापडली नाहीत, असे सांगणाऱ्या अहवालावर विश्वास बसतो. सगळ्याच्या सगळ्या ३१ ची कारणे तीन कप्प्यांत चपखल बसवलेली दिसली, तर शंका येते.

उपाय आणि त्याची मर्यादा

अडचणीच्या मागोमाग काय करून पाहिले ते यावे. विद्यार्थिनीने दोन गोष्टी सुचवल्या. एक म्हणजे खिडकीवर तातडीची वही ठेवायची. स्लिप नसताना माल द्यावा लागला तर वस्तूचा क्रमांक, नग, वेळ आणि नेणाऱ्याची सही तिथल्या तिथे घ्यायची आणि शिफ्ट संपण्याआधी त्या नोंदींच्या स्लिपा करून घ्यायच्या. दुसरे म्हणजे किलोवर येणाऱ्या वस्तूंचे दर किलो नग प्रत्यक्ष वजन करून ठरवायचे आणि ते बिन कार्डाच्या माथ्यावर लिहायचे. स्टोअरकीपरने वही दोन लाइनपुरती चालू केली आणि व्यवस्थापकाच्या मंजुरीने पाच वस्तूंचे हिशेब बदलले.

शेवटच्या आठवड्यात तिने पूर्वी मोजलेल्यांपैकी ६० वस्तू पुन्हा मोजल्या. ५५ जुळल्या, म्हणजे सुमारे ९२ टक्के. ‘प्रशिक्षणार्थीच्या उपायामुळे साठ्याची अचूकता ८७ वरून ९२ टक्क्यांवर गेली’ असे लिहिण्याचा मोह इथे होतो. हे वाक्य आकर्षक आहे, पण टिकणारे नाही. एक तर दुसऱ्या वेळी फक्त ६० वस्तू मोजल्या. त्यातल्या तीन वस्तू इकडच्या तिकडे झाल्या असत्या तरी टक्केवारी पुन्हा ८७ वर आली असती. दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे. पहिल्या मोजणीनंतर संगणकातला साठा दुरुस्त झालेला होता. नुकत्याच जुळवलेल्या नोंदी तीन-चार आठवड्यांनी बऱ्यापैकी जुळणारच, वही असो वा नसो. वहीचा परिणाम पाहायचा तर वही असलेल्या दोन लाइनच्या वस्तू आणि नसलेल्या लाइनच्या वस्तू वेगळ्या काढून काही महिने मोजाव्या लागतील. आठ आठवड्यांत ते शक्य नव्हते.

म्हणून बरोबर वाक्य असे : ‘फेरमोजणीत ६० पैकी ५५ वस्तू जुळल्या, मात्र नोंदी नुकत्याच दुरुस्त झालेल्या असल्याने या सुधारणेचे श्रेय केवळ वहीला देता येत नाही.’ हे लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला आकडा काढता येतो आणि तो कुठवर बोलतो हेही कळते, असे परीक्षकाला दिसते.

अडचणींच्या भागात एक अडचण स्वतःचीही असावी. या विद्यार्थिनीला पहिल्या आठवड्यात वस्तूंचे क्रमांक आणि लाइनवरची बोलीभाषेतली नावे यांची सांगड घालता येत नव्हती. खिडकीवर आलेला माणूस संगणकात नसलेल्या नावाने माल मागे आणि तिला प्रत्येक वेळी स्टोअरकीपरला विचारावे लागे. तिने रोजच्या वापरातल्या वस्तूंची दोन रकान्यांची यादी केली, एकात क्रमांक आणि दुसऱ्यात लाइनवरचे नाव. अडचण छोटी आहे, पण खरी आहे, आणि अहवालात ती शोभते.

गोपनीयतेचे भान इथेच ठेवावे लागते. पुरवठादारांची नावे, खरेदीचे दर, ग्राहकांचे आदेश, चूक करणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव यांची अहवालाला गरज नसते. ‘पुरवठादार क’, ‘दुपारची शिफ्ट’, ‘लाइन २’ एवढ्यावर भागते. अहवाल देण्याआधी कंपनीतल्या मार्गदर्शकाला हा भाग वाचायला देणे रीतीला धरून आहे. शिवाय आकड्यातली एखादी चूकही तिथेच सापडते.

कौशल्ये : दावा आणि पुरावा

आता कौशल्यांचा भाग सोपा होतो. कप्पे कोणते करावेत यासाठी अमेरिकेतील व्यवस्थापन-अभ्यासक रॉबर्ट कॅट्झ यांची १९५५ सालची मांडणी अजून उपयोगी पडते आणि व्यवस्थापनाच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत ती असते. कॅट्झ यांनी व्यवस्थापकाची कौशल्ये तीन प्रकारची मानली : तांत्रिक, मानवी आणि संकल्पनात्मक. सोप्या शब्दांत, काम करता येणे, माणसांबरोबर काम करता येणे आणि एका कामाचा साऱ्या संस्थेशी असलेला संबंध दिसणे.

तांत्रिक कौशल्य लिहिताना नाव पुरेसे नसते, पातळी सांगावी लागते. ‘ईआरपी प्रणाली शिकले’ म्हणजे काय? या विद्यार्थिनीला संगणकात साठा पाहणे, आवक-जावकीचा तपशील काढणे आणि तो तक्त्यात उतरवून प्रत्यक्ष मोजणीशी ताडणे जमते. खरेदी आदेश तयार करणे तिने फक्त पाहिले आहे. एवढे लिहिले की पुढे नोकरीच्या मुलाखतीतही ती अडचणीत येत नाही.

मानवी कौशल्याचा पुरावा वहीच्या प्रसंगात आहे. पहिल्यांदा तिने लाइनच्या सुपरवायझरला ‘स्लिप आल्याशिवाय माल देऊ नये’ असे सुचवून पाहिले होते. त्यांनी नकार दिला आणि त्यांच्या बाजूने तो बरोबर होता, कारण लाइन थांबल्याचा जाब त्यांना द्यावा लागतो. मग तिने माल अडवायचा नाही, फक्त सही घ्यायची, असा मार्ग काढला. ‘संवादकौशल्य वाढले’ या दोन शब्दांपेक्षा हा प्रसंग दोन ओळींत सांगणे परिणामकारक ठरते. समोरच्यावर कामाचा कोणता ताण आहे हे ओळखून तिने सूचना बदलली, हेच ते कौशल्य.

संकल्पनात्मक कौशल्य म्हणजे वर्गात शिकलेले आणि कारखान्यात दिसलेले यांची गाठ. साहित्य व्यवस्थापनात एबीसी विश्लेषण शिकवतात. वर्षभराच्या वापराच्या किमतीनुसार वस्तूंचे तीन वर्ग करायचे. थोड्याच पण महाग वापराच्या वस्तू ‘ए’ वर्गात घालून त्यांच्यावर कडक लक्ष ठेवायचे, पुष्कळ पण स्वस्त वस्तू ‘सी’ वर्गात घालून त्यांना सैल सोडायचे. बोल्ट ‘सी’ वर्गातला. पण दर गोणीमागे २१५ नग कागदावरच असतील, तर कधीतरी संगणक ‘साठा आहे’ म्हणेल आणि रॅक रिकामा असेल. काही रुपयांच्या बोल्टसाठी सारी जुळणी थांबेल. किमतीने हलकी वस्तू उत्पादनाच्या दृष्टीने निकडीची असू शकते. म्हणूनच व्हीईडी नावाचे दुसरे वर्गीकरण वापरतात. त्यात वस्तू अत्यावश्यक, आवश्यक की नसली तरी चालणारी, हे पाहिले जाते. ही दोन वर्गीकरणे एकत्र का वापरायची हे पुस्तकात वाचून पटते त्यापेक्षा त्या बोल्टच्या गोणीवरून जास्त पटते. तिने अहवालात नेमके हेच लिहावे.

सारांशाचा उतारा

तिन्ही भाग तयार झाले की त्यांच्या माथ्यावर एक छोटा सारांश येतो. अनेक परीक्षक तेवढाच वाचतात, म्हणून तो सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात काळजीने लिहावा. आपल्या उदाहरणातला सारांश असा होईल :

‘प्रशिक्षणार्थीने स्टोअर विभागात आठ आठवडे काम केले. पहिल्या तीन आठवड्यांत मालाची आवक व बिन कार्डांच्या नोंदी देखरेखीखाली केल्या. त्यानंतर २० दिवसांत २४० वस्तूंची आवर्ती मोजणी स्वतंत्रपणे केली. ३१ वस्तूंत तफावत आढळली. त्यांपैकी १४ ठिकाणी इश्यू स्लिपची नोंद झालेली नव्हती, ८ वस्तूंची खणांत अदलाबदल झाली होती व ५ वस्तूंत किलो-नग रूपांतर चुकीचे होते. ४ वस्तूंचे कारण सापडले नाही. तातडीच्या जावकीसाठी वही व वजनावर आधारित नवे रूपांतर हे उपाय सुचवले व ते अंशतः अमलात आले. फेरमोजणीत ६० पैकी ५५ वस्तू जुळल्या, मात्र त्याचे श्रेय केवळ या उपायांना देता येत नाही. या कामातून साठा ताडून पाहणे, तफावतीच्या दिशेवरून कारण ओळखणे आणि दुसऱ्या विभागाच्या गरजा सांभाळून सूचना मांडणे ही कौशल्ये आली. वस्तूचे वर्गीकरण केवळ किमतीवर करणे अपुरे आहे, हे प्रत्यक्ष दिसले.’

यात विशेषणे जवळजवळ नाहीत. ‘अमूल्य अनुभव’, ‘सुवर्णसंधी’ हे शब्द नाहीत. ते ऋणनिर्देशात शोभतात. प्रत्येक आकड्यामागे मात्र एक कागद आहे. २४० च्या मागे मोजणीचे तक्ते, ३१ च्या मागे तफावतीची यादी, १.४ किलोच्या मागे रोजनिशीतली नोंद. हे कागद कंपनीच्या परवानगीने, नावे झाकून परिशिष्टात लावावेत आणि अहवालात त्या त्या ठिकाणी परिशिष्टाचा क्रमांक द्यावा.

देण्यापूर्वीची तपासणी

लिहून झालेला भाग तपासायची एक साधी रीत आहे. कौशल्यांच्या भागातले प्रत्येक वाक्य घ्यावे आणि ते कोणत्या कामातून व कोणत्या अडचणीतून आले, ते मागे जाऊन शोधावे. सापडले नाही तर वाक्य काढून टाकावे. मग उलट दिशेने यावे. कामांच्या भागातले प्रत्येक मोठे काम पुढे अडचणीत किंवा कौशल्यात कुठेतरी भेटते का, ते पाहावे. भेटत नसेल तर ते काम एका ओळीत आटपावे. आपल्या उदाहरणात मालाची आवक पहिले दोन आठवडे चालली, पण ती रूपांतराच्या चुकीच्या मुळाशी आहे म्हणून तिला जागा मिळते. तपासणी फक्त पाहिली, म्हणून तिला अर्धे वाक्य पुरते.

शेवटची तपासणी कंपनीचे नाव झाकून करावी. नाव झाकल्यावरही ही पाने एका विशिष्ट स्टोअरमधल्या एका विशिष्ट प्रशिक्षणार्थीचीच वाटली, तर भाग जमला. ती विपणन विभागातल्या किंवा बँकेतल्या प्रशिक्षणार्थीच्या अहवालातही तशीच खपून गेली असती, तर रोजनिशी पुन्हा उघडावी लागेल.

तोंडी परीक्षेत प्रश्न येतो तो बहुधा एका आकड्यावर बोट ठेवून : ‘हे १७८५ कुठून आले?’ जिने स्वतः १०० बोल्ट मोजून काट्यावर ठेवलेले असतात, तिला उत्तर पाठ करावे लागत नाही.